सीईटी: १२६ मार्कांना ९३.५ आणि ११८ मार्कांना ९४.३ पर्सेंटाइल, हे कसं?

विश्रामबागची आई
नमस्कार. माझी मुलगी आणि मिरजेतली तिची मैत्रीण दोघी पहिलीपासून एकत्र शिकल्या. दोघींनी पीसीएम ग्रुपची सीईटी दिली, पण दिवस आणि शिफ्ट वेगळी आली. रिस्पॉन्स शीट आणि आन्सर की समोर ठेवून दोघींनी मार्क मोजले. माझ्या मुलीचे २०० पैकी ११८ आले, मैत्रिणीचे १२६. काल निकाल लागला. माझ्या मुलीला ९४.३ आणि मैत्रिणीला ९३.५ पर्सेंटाइल!

माझ्या मुलीला जास्त मिळाले, तरी मला आनंद होत नाहीये. मैत्रीण काल संध्याकाळपासून रडतेय, तिची आई मला विचारतेय की आठ मार्क जास्त असून पोरगी मागे कशी. माझ्याकडे उत्तर नाही. हा नॉर्मलायझेशनचा प्रकार कुणी नीट समजावून सांगेल का? कुठे चूक झाली असेल तर अर्ज करता येतो का?

गणपती पेठ
ताई, अभिनंदन. माझ्या भाच्याला ९२ पडलेत. म्हणजे २०० पैकी १८४ झाले ना? मग तुमच्या मुलीचे १८८ धरा. ११८ मोजताना चूक झाली असणार.

कराडची लेक
काका, नाही ओ. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के मार्क नाहीत. त्याच्या शिफ्टला बसलेल्या दर शंभर मुलांपैकी ९२ जण त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी मार्क घेऊन आहेत, एवढंच ते सांगतं. मला दोन वर्षांपूर्वी ९१ होते आणि मार्क होते ११० च्या आत.

गणपती पेठ
असं होय! आम्ही काल पेढे वाटताना सगळ्यांना १८४ सांगितलं की. असू दे, पेढे गोडच होते.

तलाठी २०२३
मी सांगतो, मी यातून गेलोय. अवघड शिफ्टला मार्क वाढवून देतात आणि सोप्या शिफ्टचे कापतात. सगळ्या शिफ्टची सरासरी काढतात, ज्या शिफ्टची सरासरी कमी तिला वरचे मार्क. माझे तलाठी भरतीत १६४ होते, नॉर्मलायझेशननंतर १५९ झाले. एका मुलाला तर २०० पैकी २१४ मिळाले, पेपरात छापून आलं होतं. ताईंच्या मुलीची शिफ्ट अवघड होती, तिला वाढवून मिळाले. साधी गोष्ट आहे.

चौथा तास
तलाठी२०२३, तुमचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही सांगताय ती पद्धत तलाठी भरतीची, सीईटीची नाही. तीस वर्षं गणित शिकवलंय, निवृत्तीनंतरही दर जूनमध्ये हाच प्रश्न घेऊन पालक घरी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सीईटीत कुणाचे मार्क वाढवत नाहीत आणि कापतही नाहीत. मार्कांना हातच लावत नाहीत. विद्यार्थ्याला फक्त त्याच्या स्वतःच्या शिफ्टमधल्या मुलांशी ताडून बघतात. गणित एवढंच:

```
पर्सेंटाइल = १०० × (त्या शिफ्टमध्ये तुमच्याइतके किंवा कमी मार्क असलेले विद्यार्थी) ÷ (त्या शिफ्टला हजर असलेले विद्यार्थी)
```

आता ताईंचं उदाहरण घेऊ. शिफ्टला किती जण होते ते मला माहीत नाही, सोपं जावं म्हणून आकडे मी धरतो. समजा मुलीच्या शिफ्टला २०,००० जण हजर होते आणि ११८ किंवा त्याहून कमी मार्क पडलेले १८,८६० जण. भागाकार करा, ९४.३ येतात. म्हणजे तिच्या पुढे उरले ११४० जण. मैत्रिणीच्या शिफ्टला समजा २१,००० जण होते, त्यात १२६ किंवा त्याहून कमी असलेले १९,६३५. उत्तर ९३.५. तिच्या पुढे १३६५ जण.

मैत्रिणीचा पेपर सोपा गेला, पण तो तिच्या शिफ्टमधल्या एकवीस हजारांनाही सोपाच गेला. म्हणून १२६ च्या पुढे जास्त गर्दी जमली. मुलीच्या शिफ्टला पेपर अवघड होता, तिथे ११८ पर्यंत पोचणारेच कमी. नंतर सगळ्या शिफ्टचे पर्सेंटाइल एकत्र करून गुणवत्ता यादी लागते. त्या यादीत मार्क येतच नाहीत, म्हणून १२६ आणि ११८ समोरासमोर कधी उभे राहत नाहीत.

द्राक्षबाग
तासगावकडचा माणूस आहे, माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर सांगा. एका प्लॉटवर गारपीट झाली, दुसऱ्यावर नाही. गारपीट झालेल्या प्लॉटमधल्या झाडाला बारा किलो माल आला आणि चांगल्या प्लॉटमधल्या झाडाला चौदा. बारावालं झाड त्याच्या प्लॉटमध्ये पुढच्या रांगेत बसतं, चौदावालं त्याच्या प्लॉटमध्ये मधे कुठेतरी. मग बारावालं झाड सरस. असंच ना?

चौथा तास
द्राक्षबाग, उदाहरण आवडलं, पण त्यात एक अट घालावी लागेल. दोन्ही प्लॉटमधली रोपं मुळात सारखी हवीत. एका प्लॉटमध्ये निवडक रोपं लावली आणि दुसऱ्यात उरलीसुरली, तर ही तुलना फसते. चांगल्या रोपांमध्ये मागे पडलेलं झाड उरल्यासुरल्या रोपांच्या प्लॉटमध्ये पहिलं आलं असतं. सगळी रोपं एकत्र करून चिठ्ठ्या टाकून दोन प्लॉटमध्ये वाटली असतील, तरच फरक गारपिटीचा म्हणता येतो.

सीईटीचं सगळं नॉर्मलायझेशन या एका अटीवर उभं आहे: शिफ्ट चिठ्ठी टाकल्यासारखी वाटलेली असावी, म्हणजे प्रत्येक शिफ्टला हुशार आणि कच्ची मुलं सारख्याच प्रमाणात पोचतात. पेपर किती अवघड होता हे या पद्धतीत कुणी तपासत नाही. मुलं सारखी आहेत असं धरायचं, मग मार्कांतला फरक पेपरचाच.

मिरजवाला
आणि ते खरं असतं कशावरून? आमच्या गल्लीतल्या चार पोरांना एकच दिवस आला. सगळी एकाच क्लासची, सगळी अभ्यासू. त्यांच्या शिफ्टला अशीच पोरं भरली असतील तर त्यांचं नुकसानच झालं ना? मैत्रिणीच्या शिफ्टला पण हेच झालं नसेल कशावरून?

चौथा तास
मिरजवाला, मुद्दा खरा आहे आणि तो उडवून लावणार नाही. फक्त चार पोरांवरून ते ठरत नाही. वीस हजारांत चार अभ्यासू पोरं आली काय आणि न आली काय, पर्सेंटाइल फार तर ०.०२ ने हलतं. तपासायचं असेल तर प्रत्येक शिफ्टमधल्या मुलांचे बारावी बोर्डाचे मार्क घ्या आणि शिफ्टनिहाय सरासरी लावा. सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या तर वाटप नीट झालं. एखादी शिफ्ट ठळकपणे वर किंवा खाली दिसली, तर शंका घ्यायला जागा आहे. कोणत्या शिफ्टला कोणत्या जिल्ह्यातली किती मुलं होती हेही तसंच बघता येतं. असे आकडे निकालाबरोबर सगळ्यांसमोर ठेवले तर निम्म्या शंका तिथेच मिटतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

विट्याचा विद्यार्थी
सर, माझा प्रश्न वेगळा आहे. मला फिजिक्स ९०, केमिस्ट्री ८५, मॅथ्स ९७. सरासरी ९०.६७ येते. पण स्कोअरकार्डवर टोटल ९४ च्या वर आहे. मला कुणी जास्तीचे दिलेत का? परत काढून घेणार नाहीत ना?

चौथा तास
घाबरू नकोस बाळा, कुणी काढून घेत नाही. टोटल पर्सेंटाइल तीन विषयांच्या पर्सेंटाइलवरून काढतच नाहीत. तुझे २०० पैकी एकूण मार्क घेतात आणि त्या एकूण मार्कांवर तोच भागाकार नव्याने करतात. फिजिक्सचे ५०, केमिस्ट्रीचे ५०, पण मॅथ्सचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, म्हणजे १००. तुझं मॅथ्स भारी, म्हणून एकूण मार्कांत तू बऱ्याच जणांच्या पुढे गेलास. शिवाय तिन्ही विषयांत एकाच वेळी बरी असणारी मुलं कमी असतात. फिजिक्समध्ये तुझ्या पुढे असलेला केमिस्ट्रीत किंवा मॅथ्समध्ये मागे पडतो.

विट्याचा विद्यार्थी
धन्यवाद सर. रात्रभर झोप नव्हती.

तलाठी २०२३
सर, मग आमच्या भरतीत वेगळं काय होतं? मला तर आजपर्यंत वाटत होतं सगळीकडे एकच सूत्र असतं. माझे पाच मार्क नेमके कसे गेले?

चौथा तास
तुमच्याकडे निकाल मार्कांतच ठेवतात, पण ते मार्क बदलतात. तुमच्या शिफ्टची सरासरी काढायची, मुलांचे मार्क त्या सरासरीभोवती किती पसरलेत ते मोजायचं. तुम्ही सरासरीच्या किती वर आहात ते त्या पसाऱ्याच्या मापात घ्यायचं आणि तेवढंच अंतर एका समान मोजपट्टीवर लावायचं. तुमच्या शिफ्टची सरासरी वर असेल तर १६४ चे १५९ होतात. अवघड शिफ्टमध्ये सरासरी खूप खाली आणि एखादा उमेदवार खूप वर असेल, तर त्याचं अंतर त्या मोजपट्टीवर २०० च्या पलीकडे जातं. २१४ तसेच आले. सूत्राला पेपर २०० चा आहे हे माहीत नसतं. पर्सेंटाइलमध्ये हे होऊ शकत नाही, कारण तुमच्याइतके किंवा कमी मार्कवाले हजर मुलांपेक्षा जास्त कसे असतील? प्रत्येक शिफ्टचा पहिला बरोबर १०० वर बसतो, त्याला १९८ असोत की १८७.

तलाठी २०२३
समजलं. पण पाच मार्क गेल्याचं दुःख समजल्यानं कमी होत नाही. माझं नाव यादीत दोन मार्कांनी राहिलं होतं.

कराडची लेक
दादा, वाचून वाईट वाटलं. मनापासून.

कृष्णाकाठ
एवढा घोळ घालण्यापेक्षा सगळ्यांची एकाच दिवशी, एकाच शिफ्टला परीक्षा घ्या ना! नीट पीजीला २०२४ मध्ये दोन शिफ्ट होत्या, सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये सांगितलं की एकाच शिफ्टमध्ये घ्या, आणि ३ ऑगस्टला घेतलीच. तिथे जमतं तर इथे का नाही?

मिरजवाला
+१. एकच पेपर, एकच माप.

चौथा तास
कृष्णाकाठ, तत्त्व म्हणून मी तुमच्या बाजूचा आहे. एकच पेपर असेल तर नॉर्मलायझेशन लागतच नाही. पण नीट पीजीला दोन-अडीच लाख डॉक्टर देशभरातल्या शहरांत बसतात. सीईटीच्या पीसीएमला एकट्या महाराष्ट्रात त्याहून कितीतरी जास्त मुलं, आणि प्रत्येकाला एकाच वेळी चालू संगणक हवा. आपल्या सांगली जिल्ह्यात एका वेळी किती संगणक आणि अखंड वीज मिळेल, याचा विचार करा. नाहीतर कागदावर ओएमआर घ्यावी लागेल, त्याचे पेपरफुटीचे धोके वेगळे.

कृष्णाकाठ
सर, आदर ठेवून सांगतो, हे पटत नाही. संगणक कमी आहेत ही सरकारची अडचण झाली, ती मुलांच्या यादीवर का पडावी? कागदावर घ्या, पण एकदाच घ्या.

विश्रामबागची आई
सर, खूप खूप आभार. मैत्रिणीच्या आईला तुमचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी आधी लिहिलीच नव्हती. त्यांच्या शिफ्टमधले मॅथ्सचे दोन प्रश्न चुकीचे निघाले म्हणून शेवटच्या आन्सर कीमध्ये रद्द झाले आणि सगळ्यांना चार मार्क मिळाले. १२६ मध्ये ते चार मार्क धरलेले आहेत. त्यांचं म्हणणं, चार मार्क मिळूनही पर्सेंटाइल कमी, म्हणजे तर अन्याय दुप्पट झाला.

चौथा तास
ताई, ही महत्त्वाची माहिती आहे, आणि आता चित्र जास्त स्पष्ट झालं. चार मार्क फक्त तिला नाही, त्या शिफ्टमधल्या प्रत्येकाला मिळाले. सगळ्यांचे चार वाढले तर रांगेतला क्रम तोच राहतो आणि पर्सेंटाइल जागचं हलत नाही. म्हणजे १२६ हा आकडा फुगलेला आहे.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या, तात्पुरत्या कीप्रमाणे हे दोन प्रश्न जिचे बरोबर धरले होते, तिच्याकडे ते चार मार्क आधीच होते. रद्द झाल्यावर तिच्या खात्यात नवं काही आलं नाही, आणि ज्यांचे चुकले होते ते चार मार्कांनी वर सरकले. अशा मुलीच्या मार्कांत काही बदल दिसत नाही, पण मागची बरीच जणं तिच्या बरोबरीला किंवा पुढे येतात. मैत्रिणीला विचारा, पहिल्या कीवर तिचे किती होते?

विश्रामबागची आई
विचारलं. पहिल्या कीवरही १२६ च होते. दोन्ही प्रश्न तिचे बरोबर धरलेले होते.

चौथा तास
मग तिला खरंच थोडा फटका बसला आहे. आठ मार्क जास्त असून मागे राहिली याचं मुख्य कारण सोपा पेपरच, पण या दोन प्रश्नांनीही तिला काही जागा मागे ढकललं. किती, ते त्या शिफ्टची मार्कवार यादी असल्याशिवाय मोजता येणार नाही. तिला सांगा, तिने काही चुकवलेलं नाही.

मिरजवाला
म्हणजे अन्याय झालाच ना! मी मघाशी हेच म्हणत होतो.

चौथा तास
तुम्ही म्हणत होता त्या कारणाने नाही, पण झाला, हे कबूल. प्रश्न चुकीचा निघाला की कुणाला तरी फटका बसतोच. सगळ्यांना मार्क दिले तर ज्यांनी वेळ घालवून सोडवला त्यांना बसतो, प्रश्न काढून टाकला तरी त्यांनाच. यावर सगळ्यांना न्याय देणारा तोडगा माझ्या माहितीत नाही.

कराडची लेक
सर, एक विचारू? पर्सेंटाइल दशांशानंतर सात आकड्यांपर्यंत देतात. ९४.२८७१०४६ वगैरे. इतकं अचूक मोजता येतं का खरंच?

चौथा तास
छान प्रश्न. ते सात आकडे फक्त भागाकारातून येतात. प्रत्येक शिफ्टला हजर मुलांची संख्या वेगळी, म्हणून दोन शिफ्टमधल्या मुलांचा आकडा क्वचितच तंतोतंत जुळतो आणि यादीत एकाला वर, एकाला खाली ठेवणं सोपं जातं. त्याचा अचूकपणाशी संबंध नाही.

चिठ्ठ्या कितीही प्रामाणिकपणे टाकल्या तरी एखाद्या शिफ्टला योगायोगाने थोडी जास्त हुशार मुलं जाणारच. वीस हजारांच्या शिफ्टमध्ये ९४ च्या आसपास हा योगायोगाचा हेलकावा साधारण ०.१५ ते ०.२ पर्सेंटाइलचा असतो, कधी त्याच्या दुप्पटही. ऐकायला किरकोळ वाटतो. पण समजा एकूण चार लाख मुलं आहेत, तर ०.१५ म्हणजे यादीतल्या सहाशे जागा. आणि एखादी शिफ्ट दोनच हजारांची असेल, तर हेलकावा अर्ध्या पर्सेंटाइलपर्यंत जातो.

म्हणून वेगवेगळ्या शिफ्टमधल्या ९४.३१ आणि ९४.२७ यांच्यात कोण हुशार हे कुणालाच सांगता येणार नाही. ९४ आणि ८५ यांच्यात सांगता येतं. ताईंच्या उदाहरणातला ०.८ चा फरक नुसत्या योगायोगाने पडणं अवघड आहे, पण दोघींमध्ये फार मोठी दरी आहे असंही समजू नये.

द्राक्षबाग
म्हणजे वजनकाटा शंभर ग्रॅमला हलतो आणि पावती मिलिग्रॅममध्ये फाडतात.

चौथा तास
अगदी बरोबर बोललात.

विट्याचा विद्यार्थी
सर, शेवटचं. एक मार्क वाढला तर किती पर्सेंटाइल वाढतं? आमच्या क्लासमध्ये म्हणतात एका मार्काला अर्धा पर्सेंटाइल.

चौथा तास
असा ठराविक दर नसतो. त्या एका मार्कावर किती मुलं उभी आहेत त्यावर ते ठरतं. वीस हजारांत ७० मार्कांवर समजा ३०० जण आहेत, तर ६९ वरून ७० वर गेलास की दीड पर्सेंटाइल वाढला. ११८ वर ६० जण असतील तर ०.३. आणि १६० वर आठच जण असतील तर ०.०४. मधे गर्दी, टोकाला विरळ. म्हणून ७० वाल्याने दोन प्रश्न जास्त सोडवले की आकडा झपकन वर जातो, आणि १६० वाल्याचा मेहनत करूनही हलत नाही असं वाटतं. पण वर जागाही कमी असतात, तिथे ०.०४ सुद्धा शाखा बदलू शकतो.

गणपती पेठ
मग माझ्या भाच्याचे ९२ आणि जेईईचे ८८, यात कुठली परीक्षा त्याला चांगली गेली?

चौथा तास
तसं ताडता येत नाही. जेईई मेनला देशभरातली मुलं, सीईटीला मुख्यतः आपल्या राज्यातली. रांगच वेगळी आहे. दोन वेगळ्या रांगांतला नंबर शेजारी ठेवून काही कळत नाही.

विश्रामबागची आई
आत्ताच मिरजेहून आले. मैत्रिणीला सगळं वाचून दाखवलं. ते दोन प्रश्न तिने कसे सोडवले होते ते तिने मला वहीत करून दाखवलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण बोलताना ती रडत नव्हती. दोघींनी ठरवलंय, ऑप्शन फॉर्म एकत्र बसून भरायचा, दोघींची पहिली पसंती वालचंदच. ९३.५ ला तिथे कोणती शाखा मिळू शकते हे कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा, मुलींच्या जागांचं धरून.

कराडची लेक
ताई, गेल्या वर्षीचे कटऑफ राऊंडनुसार माझ्याकडे आहेत. घरी जाऊन टाकते. कराडचे पण टाकू का?

विश्रामबागची आई
हो, टाक गं. कराडही चालेल दोघींना, एकत्र मिळालं तर.